वळचण लिंपू नका, जाळी लावा! कौलांखालच्या चिमण्या, खारी, वटवाघळांचा बंदोबस्त आणि घराची हवा

अंबरनाथ पश्चिम : मे महिना आला की आपल्याकडे शाकारणीची घाई सुरू होते. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, पाचोळा झाडायचा आणि पावसाच्या आत मोकळं व्हायचं. मिस्त्री वर चढलेलाच असतो, मग घरातलं कुणीतरी खालून ओरडतं, ‘‘ती वळचणीची भोकंपण बुजवून टाका हो, चिमण्या लय कचरा करतात!’’ मिस्त्री उरलेला माल थापतो आणि काम झालं म्हणून सगळे खूश होतात.

आमच्या घरीही नेमकं हेच झालं. वैशाखात वळचण दोन्ही बाजूंनी सिमेंटने लिंपली. तिसऱ्या दिवशी छताच्या पीव्हीसी सिलिंगवर चिवचिव आणि खरखर सुरू झाली. पाचव्या दिवशी घरात उभं राहवेना इतका वास. शेवटी सिलिंगची एक पट्टी काढली, तर आत वटवाघळं मरून पडलेली. त्यातल्या दोघींच्या पोटाला पिल्लं तशीच चिकटलेली. बाहेर चिमणीची मादी चोचीत किडा घेऊन बंद भिंतीपुढे घिरट्या घालत होती. एवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ ठीक, पण जुलैत सिलिंगमधून पाणी ठिबकायला लागलं. कौल एकही फुटलेलं नव्हतं. ते पावसाचं पाणी नव्हतंच. आत कोंडलेल्या दमट हवेचं होतं. रिपांवर पांढरी बुरशी आली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर सगळं सिमेंट फोडून काम पुन्हा केलं. ते कसं केलं आणि कोणत्या क्रमाने केलं, ते इथे सांगतो. तालुक्यात अजून शेकडो कौलारू घरं आणि चाळी आहेत आणि ही चूक दर उन्हाळ्यात होते.

हे पाहुणे आताच का वाढले?

जुन्या घरात चूल होती. तिचा धूर माळ्यावर जायचा आणि कौलांच्या फटींतून, धुराड्यातून बाहेर पडायचा. त्या धुराने वासे-रिपा कोरड्या राहायच्या, वाळवी-भुंगा लांब राहायचा आणि छताखाली कुणाला सुखाने राहता यायचं नाही. माळ्यावर माणसांची ये-जाही असायची.

आता गॅस आला आणि कौलांखाली पीव्हीसीचं किंवा प्लायचं सिलिंग आलं. कौल आणि सिलिंग यांच्यामध्ये दीड-दोन हातांची एक रिकामी खोली तयार झाली. तिथे अंधार आहे, ऊब आहे, पाऊस नाही, मांजर नाही आणि कुणी डोकावतही नाही. बाहेरच्या बाजूला जुनी झाडं तोडली गेली, ढोल्या गेल्या. मग ढोलीत राहणाऱ्यांना आपली वळचण ही नवी ढोली वाटली तर नवल नाही.

शिवाय मंगलोरी कौलाची रचनाच फटींची असते. ही कौलं १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला काढलेल्या कारखान्यातून पसरली आणि कोकणपट्टीत रुळली. कौल एकमेकांत खाचेने अडकतं, चिकटवलेलं नसतं. म्हणूनच त्यातून थोडी थोडी हवा सगळीकडून जाते. मोठी वाट मात्र वळचणीला असते. भिंतीच्या माथ्यावर आडवी तुळई, तिच्यावर वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. दोन वाशांच्या मधे तुळईपासून कौलापर्यंत दोन-तीन इंच उंचीची मोकळी जागा राहते. घर श्वास घेतं ते तिथूनच आणि पाहुणे शिरतात तेही तिथूनच.

आधी ओळखा, वर कोण आहे

प्रत्येकासाठी भोकाचं माप वेगळं आणि काढायची रीत वेगळी. त्यामुळे कोण आहे हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही.

चिमणी असेल तर वळचणीतून गवत, पिसं, कापूस, दोरे लोंबताना दिसतात. आवाज फक्त दिवसा येतो आणि नर-मादी सारखी ये-जा करतात. साळुंकीचं घरटं याहून बेढब. त्यात काटक्या, प्लॅस्टिकचे तुकडे, कधी सापाची कातही सापडते. पारवा सहसा कौलाखाली शिरत नाही. त्याला सपाट जागा लागते, म्हणून तो पडवीच्या तुळईवर, सज्ज्यावर किंवा पत्र्याच्या शेडमधल्या लोखंडी कैचीवर बसतो.

खार असेल तर पहाटे आणि दुपार कलल्यावर वर धावपळ ऐकू येते. भर रात्री धावपळ असेल तर ती खार नव्हे, उंदीर-घूस. खारीचं घरटं म्हणजे काथ्या, चिंध्या, कापूस यांचा गोळा. लाकडाच्या कडा आणि विजेच्या वायरीचं आवरण कुरतडलेलं दिसतं. वायर उघडी पडलेली दिसली तर आधी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा, बाकी सगळं नंतर.

वटवाघूळ ओळखायला लेंडी पाहावी. ती दिसायला उंदराच्या लेंडीसारखी काळी, पण काडीने दाबली की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार कण दिसतात. उंदराची लेंडी टणक असते. पालीच्या लेंडीला टोकाशी पांढरा ठिपका असतो. हे दाबून पाहायचं काम काडीनेच करायचं, बोटांनी नाही. दुसरी खूण म्हणजे ज्या फटीतून वटवाघळं जातात तिच्या कडेला अंगाच्या तेलकटपणाचा काळपट डाग पडतो.

आपल्या घरांत राहतात ती बहुतेक छोटी, किडे खाणारी वटवाघळं. काही जण त्यांना पाकोळ्याच म्हणतात. आंबे-चिकू खाणारी मोठी वटवाघळं झाडावर लटकतात, कौलाखालच्या फटीत मावत नाहीत. घरातली ही छोटी रात्रभर डास-पाखरं टिपत असतात. त्यांना मारायचं काही कारण नाही, फक्त सिलिंगवर त्यांचा मुक्काम नको एवढंच.

मोजणी करायची साधी रीत अशी : सूर्यास्ताला दोन माणसं घराच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभी राहतात, म्हणजे चारही बाजू नजरेत येतात. पाऊण तास तिथेच थांबायचं. वटवाघळं अंधार पडता पडता एकेक करून बाहेर पडतात. कोणत्या फटीतून किती, हे खडूने भिंतीवर लिहून ठेवायचं. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी २३ आणि दुसऱ्या संध्याकाळी २६ निघाली, आणि सगळी पूर्वेकडच्या एकाच कोपऱ्यातून. म्हणजे वळचण ३० फुटांची असली तरी खरं दार एकच होतं.

कधी करायचं : शाकारणीत नाही, थंडीत

सगळ्यात महत्त्वाची चूक वेळेची होते. मिस्त्री मे महिन्यात वर चढतो, म्हणून आपण तेव्हाच भोकं बुजवतो. पण चिमण्यांची वीण उन्हाळ्यात जोरात असते, खारींची पिल्लं असतात आणि वटवाघळांच्या माद्या गाभण किंवा नुकत्या व्यालेल्या असतात. पिवळसर पोटाच्या घरवटवाघळाची पिल्लं पावसाच्या तोंडाशी होतात. अगदी लहान जातींत तर वर्षातून एकाहून जास्त वेळा पिल्लं होतात. पिल्लाला उडता येत नाही, त्यामुळे आई बाहेर अडकली की ते आत मरतं.

म्हणून फुटकी कौलं मे महिन्यात बदला, पण वळचणीची जाळी दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतच्या काळात लावा. तेव्हा हवा कोरडी असते, लाकूड फुगलेलं नसतं आणि वीण सगळ्यात कमी असते. ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ असं नव्हे. त्यामुळे थंडीतही लावायच्या आधी बॅटरी मारून पाहायचंच. घरट्यात अंडी किंवा पिल्लं दिसली तर तेवढा भाग सोडून बाकीचं करा. चिमणीची पिल्लं साधारण दोन-अडीच आठवड्यांत उडून जातात. खारीच्या पिल्लांना दीड-दोन महिने द्यावे लागतात.

यात कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी-घरट्यांना धक्का लावणं येतं. अडलेला किंवा जखमी जीव सापडला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येतं.

बाहेर काढायचं कसं

चिमण्या आणि साळुंक्यांच्या बाबतीत अवघड काही नाही. घरटं रिकामं असल्याची खात्री करून ते काढायचं आणि जाळी लावायची.

खारीसाठी एक जुनी युक्ती आहे. तिच्या भोकात वर्तमानपत्राचा कागद चुरगळून सैल बसवायचा. आत-बाहेर कुणी करत असेल तर तो कागद दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेला किंवा फाडलेला असतो. लागोपाठ तीन कोरडे दिवस कागद हललाच नाही, तर आत कुणी नाही. हलला, तर सकाळी उन्हं वर आल्यावर खारी बाहेर पडलेल्या असताना बॅटरीने घरटं तपासायचं, पिल्लं नसतील तर घरटं काढून लगेच जाळी ठोकायची. पिल्लं असतील तर थांबायचं. आणि कौलांना टेकलेली फांदी राहिली तर खार परत येणारच. ती पाच-सहा फूट मागे छाटली पाहिजे. केबलच्या वायरी वळचणीला बांधलेल्या असतील तर तोही तिचा पूल आहे.

वटवाघळांना हाकलायचं नाही, तर त्यांना बाहेर जाऊ द्यायचं आणि आत येऊ द्यायचं नाही. त्यासाठी एकतर्फी वाट करतात. आधी त्यांचं मुख्य भोक सोडून बाकी सगळ्या फटी बंद करायच्या. मग मुख्य भोकावर बारीक, थोडी ताठ नायलॉनची जाळी पडद्यासारखी टांगायची. वरून आणि दोन्ही बाजूंनी ती भिंतीला पक्की, खालून मोकळी, आणि भोकाच्या खाली दीड-दोन फूट लोंबणारी. संध्याकाळी वटवाघूळ भोकातून निघतं, भिंत आणि जाळी यांच्यामधून खाली सरकतं आणि खालून उडून जातं. परत येताना मात्र ते ओळखीच्या भोकापाशीच येतं, तिथे त्याला जाळी लागते. खालून चढून जायचं त्याला सुचत नाही.

जागा अडचणीची असेल तर पडद्याऐवजी दोन इंची पीव्हीसी पाइपचा दहा इंचांचा तुकडा भोकात खालच्या बाजूला उतरता बसवतात. आतून गुळगुळीत असल्यामुळे बाहेर घसरता येतं, वर चढता येत नाही.

हा पडदा किमान सात रात्री ठेवायचा. पावसाची किंवा कडक थंडीची रात्र मोजायची नाही, कारण त्या रात्री काही जण बाहेरच पडत नाहीत. मग पुन्हा सूर्यास्ताची मोजणी. आमच्याकडे पहिल्या रात्रीनंतर ९, चौथ्या रात्रीनंतर २ आणि सातव्या रात्रीनंतर एकही नाही. आणखी दोन संध्याकाळी थांबलो, एकही बाहेर आलं नाही, तेव्हा पडदा काढून जाळी ठोकली. याआधी वैशाखात नेमकी हीच पायरी राहून गेली होती आणि तीच महागात पडली.

वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. याचा अर्थ घाबरून त्यांना मारावं असा नाही, जाड हातमोजे घालावेत एवढाच. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने भरपूर वेळ धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सिलिंगवरची जुनी लेंडी आणि घरटी झाडताना ती कोरडी झाडू नयेत, धूळ छातीत जाते. पाण्याचा फवारा मारून ओली करायची, तोंडाला चांगला मास्क लावायचा आणि खोऱ्याने पिशवीत भरायची.

कोणती जाळी, किती भोकाची

बाजारात ‘जाळी द्या’ म्हटलं की दुकानदार कोंबडीजाळी काढून देतो. तिची भोकं इंचाची असतात, त्यातून चिमणी जाते आणि तिची तार हाताने वाकते. मच्छरजाळीतून कुणीच जात नाही, पण वर्षभरात तिच्यावर धूळ आणि कोळिष्टकं बसतात आणि हवा बंद होते. प्लॅस्टिकची जाळी खार एका दुपारी कुरतडते. फवारून फुगणारा फोमही तिला अडवत नाही. आमच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यातला फोम तिने पंधरा दिवसांत पोखरला होता.

हवी ती जस्त चढवलेल्या तारेची वेल्डमेश, म्हणजे जिच्या तारा प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात जोडलेल्या असतात ती. पाऊण इंचाहून मोठ्या भोकातून चिमणी अंग चोरून जाऊ शकते, म्हणून पक्षी आणि खार यांच्यासाठी अर्धा इंची (चार सूत) भोक आणि जवळपास एक मिलिमीटर जाडीची तार घ्यावी. छोटं वटवाघूळ मात्र अर्ध्या इंचातूनही शिरू शकतं. तिथे पाव इंची (दोन सूत) भोक लागतं. घरात वटवाघळं येऊन गेली असतील तर सगळीकडेच पाव इंची लावणं सोपं.

आता खरा प्रश्न : जाळीने हवा किती अडते? अर्धा इंची भोक म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यात एक मिलिमीटर तार गेली की चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग उघडा राहतो. पाव इंची जाळीत तार बारीक असते, तिथे सुमारे ८२ टक्के राहतो. म्हणजे दोन्हींत फरक नगण्य आहे. भोक लहान केल्याने हवा बंद होत नाही. हवा बंद होते ती बुजवल्याने.

आमच्या घराचाच हिशेब पाहा. घर ३० फूट लांब, २० फूट रुंद, म्हणजे ६०० चौरस फूट. वळचण दोन्ही लांब बाजूंना. वाशांची जाडी वजा केली तर प्रत्येक बाजूला २६ फूट लांबीची फट उरते, उंची तीन इंच. म्हणजे एका बाजूला साडेसहा आणि दोन्ही मिळून १३ चौरस फूट. पाव इंची जाळी लावल्यावर त्यातले साडेदहा चौरस फूट उघडे राहतात. छताखालच्या पोकळीसाठी परदेशांतल्या बांधकाम नियमांत एक अंदाज वापरतात : खालच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी उघडी जागा हवी. ६०० चा दीडशेवा भाग म्हणजे ४ चौरस फूट. आपली साडेदहा आहे, भरपूर झाली. सिमेंटने लिंपली होती तेव्हा तिथे काहीच उरलं नव्हतं.

पण नुसती खालची वाट पुरत नाही. तापलेली हवा वर जाते. तिला वरून बाहेर पडता आलं तरच वळचणीतून नवी हवा ओढली जाते. म्हणून आढ्याच्या टोकांशी, दोन्ही त्रिकोणी भिंतींत वरच्या बाजूला, एक फूट बाय दीड फुटाचा झरोका ठेवला आणि त्यालाही तीच जाळी लावली. पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरून उतरत्या पट्ट्या. जुन्या घरात धुराड्याचं कौल असेल तर ते काढू नका, फक्त त्याच्या तोंडाला आतून जाळी लावा.

बसवायची रीत

तीन फूट रुंदीच्या रोलमधून नऊ इंचांच्या चार पट्ट्या निघतात. ६० फूट वळचणीला १५ फूट रोल पुरतो. झरोके आणि वाया जाणारं धरून २० फूट घ्या. पट्टी नऊ इंची घ्यायची कारण ती वर रिपेला आणि खाली तुळईला दोन-दोन इंच तरी चढली पाहिजे, वाकवायलाही जागा लागते.

पट्टी इंग्रजी ‘एल’सारखी वाकवून आतल्या बाजूने बसवायची. वरची कड रिपेच्या आतल्या अंगाला, खालची कड तुळईच्या माथ्यावर, आणि दर सहा इंचांवर यू खिळा किंवा रुंद वायसरचा स्क्रू. प्रत्येक वाशापाशी जाळी पत्रा कापायच्या कात्रीने त्याच्या आकारात खाचून घ्यायची. वासा आणि जाळी यांच्यामध्ये दोन सुतांहून जास्त फट राहता कामा नये. बहुतेक ठिकाणी काम इथेच फसतं. जाळी चांगली असते, पण वाशाच्या कडेला बोटभर फट राहते आणि वटवाघूळ बरोबर तिथून येतं.

जाळी कौलाखाली दाबायची नाही. कौल एका कडेने पाव इंच जरी उचललं गेलं तरी त्याची खाच नीट बसत नाही आणि आडव्या पावसाचं पाणी आत येतं. जाळी कौलाला बांधायचीही नाही. पुढच्या शाकारणीला कौल सुटं निघालं पाहिजे. आढ्यावरच्या मोठ्या कौलांच्या दोन्ही टोकांची तोंडं तेवढी चुना-मालाने बंद केली तरी चालतात, कारण तिथून हवेचं काम होत नाही.

पत्र्याच्या घरात पत्र्याच्या नाळीखाली चंद्रकोरीसारख्या फटी राहतात, तिथे जाळीची पट्टी त्या आकारात कापून आतून बसवतात. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला भोक पाडू नका, घासू नका. त्यात ॲसबेस्टॉसचे तंतू असतात आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. जाळी लाकडाला किंवा लोखंडी पाइपला बांधा.

चाळीत एकट्याने करून भागत नाही

अंबरनाथ पश्चिमेला जुन्या चाळी आहेत, तिथे एक वेगळी अडचण येते. खोल्यांच्या मधल्या भिंती अनेकदा सिलिंगपर्यंतच असतात आणि वर कौलांखाली सगळ्यांचा माळा एकच. एका खोलीवाल्याने आपल्यापुरती वळचण बंद केली की पाहुणे चार पावलं सरकून शेजाऱ्याच्या डोक्यावर जातात आणि आतून पुन्हा याच्याही सिलिंगवर येतात. मग भांडणं. अशा ठिकाणी सगळ्या खोल्यांची मोजणी एकाच संध्याकाळी करायची, मुख्य दार कुठलं ते ठरवायचं, बाकीच्या सगळ्यांनी आधी जाळी लावायची आणि पडदा त्या एकाच ठिकाणी शेवटी. वर्गणीही तशीच काढावी. ज्याच्या खोलीवर भोक आहे त्याच्याच डोक्यावर खर्च टाकू नये.

काम बरोबर झालं हे कसं कळेल?

पहिली खूण हवेची. दुपारी उन्हात सिलिंगची एक पट्टी काढून वळचणीच्या जाळीपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. झरोक्यापाशी धरली तर बाहेर जाताना दिसला पाहिजे. हे घरटी आणि काथ्या झाडून झाल्यावरच करायचं, नाहीतर आग लागेल. धूर जागच्या जागी घुटमळला तर कुठली तरी वाट बंद आहे.

दुसरी खूण पावसाळ्यात दिसते. श्रावणात एकदा बॅटरी घेऊन रिपा पाहा. काळपट ओल, पांढरी बुरशी, सिलिंगच्या वरच्या अंगावर सकाळी थेंब यांतलं काही दिसलं तर हवा कमी पडते आहे. लाकडात स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. सहज रुतलं तर ती रीप बदला.

तिसरी खूण गंजाची. दर दसऱ्याला जाळी हाताने चाचपून पाहायची, विशेषतः खिळ्यांपाशी. तार तुटलेली दिसली की तेवढा तुकडा बदलायचा, पूर्ण पट्टी नाही.

आमच्याकडे आता दोन पावसाळे झाले. सिलिंग ठिबकत नाही आणि वर खरखर नाही. चिमण्यांसाठी पडवीच्या भिंतीला, ऊन लागणार नाही अशा बाजूला, दहा फुटांवर दोन लाकडी खोकी टांगली. भोक ३२ मिलिमीटरचं; त्यातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने अशा खोक्यांचा बराच प्रसार केला. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवसही २०१० पासून त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाला. पहिलं वर्ष खोकी रिकामीच राहिली. दुसऱ्या वर्षी फाल्गुनात एका खोक्यातून गवताची काडी लोंबताना दिसली.

यंदा शाकारणीला मिस्त्री आले तेव्हा त्यांनी सवयीने उरलेला माल उचललाच होता. आईने खालूनच सांगितलं, ‘‘दादा, वळचणीला हात लावू नका. तिथून घर श्वास घेतं.’’